नव्वद सेकंद, एक अडचण

ड्रू ह्यूस्टन या तरुण अमेरिकन प्रोग्रामरला बॉस्टनहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की पेन ड्राइव्ह घरीच राहिला आहे. प्रवासात काम करायचं होतं आणि कामाच्या सगळ्या फायली त्या पेन ड्राइव्हमध्ये होत्या. ड्रॉपबॉक्सची सुरुवात या अडचणीतून झाली, असं तो पुढे अनेकदा सांगत आला. उत्पादन सर्वांसाठी खुलं होण्याआधीच, 2007 आणि 2008 मध्ये, त्याने संगणकाच्या पडद्याचं चित्रण करून डेमो व्हिडिओ लोकांपुढे ठेवले. एका संगणकावर फोल्डरमध्ये टाकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर आपोआप हजर होते, हा त्यांचा गाभा होता. दुसऱ्या व्हिडिओनंतर नावनोंदणी करून वाट पाहणाऱ्यांची यादी एका रात्रीत 5 हजारांवरून 75 हजारांवर गेली, असं ह्यूस्टनने सांगितलेलं आहे.

त्या व्हिडिओंमध्ये भारी कॅमेरा नव्हता की नट नव्हते. पाहणाऱ्याला स्वतःची रोजची अडचण ओळखू आली आणि ती डोळ्यांसमोर सुटली, एवढंच होतं. आज मोबाइल अ‍ॅपचा दीड मिनिटाचा डेमो लिहिणाऱ्यालाही हेच साधायचं असतं. महाराष्ट्रात लहान शहरांतही अ‍ॅप बनवणारे दोन-तीन जणांचे गट आता भरपूर आहेत. त्यांच्याकडे जाहिरातसंस्थेला द्यायला पैसे नसतात, त्यामुळे डेमोची स्क्रिप्ट बहुधा प्रोग्राम लिहिणाराच लिहितो. अ‍ॅप चांगलं असूनही डेमो फसतो, तो बहुतेकदा या स्क्रिप्टमध्येच फसलेला असतो. म्हणून एक उदाहरण घेऊन ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत कशी लिहायची ते पाहू.

अडचण कोणती, हे आधी ठरवा

उदाहरण काल्पनिक आहे. पुण्यात सुनंदाताई घरून पोळी-भाजीचे डबे देतात. चाळीसेक गिऱ्हाइकं आहेत, डब्याचा दर 80 रुपये, रविवारी सुट्टी. त्यांच्यासारख्यांसाठी एका गटाने ‘डबावही’ नावाचं अ‍ॅप बनवलं आहे. या अ‍ॅपमध्ये गिऱ्हाइकांची यादी ठेवता येते, खाडे मांडता येतात, महिन्याचं बिल निघतं, पैसे आले की नाही ते कळतं, उद्याची भाजी सगळ्यांना कळवता येते आणि डबे पोचवणाऱ्या मुलाला पत्तेही दिसतात.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना या सहाही गोष्टी दाखवायच्या असतात. प्रत्येकीसाठी पंधरा सेकंद, सहा पंधरं नव्वद, हिशोब अगदी जुळतो. पण असा व्हिडिओ पाहून झाल्यावर पाहणाऱ्याला विचारा, अ‍ॅप कशासाठी आहे? तो म्हणेल, “डब्याच्या धंद्यासाठी काहीतरी आहे.” पंधरा सेकंदांत एखादी सोय दाखवता येते, मात्र अडचण उभी करून ती सोडवता येत नाही. अडचण दिसलीच नाही तर सोयीची किंमतही कळत नाही.

म्हणून सहातली एक निवडायची. ती निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ही अडचण ज्याची आहे त्याला ती न समजावता ओळखू येते का? तिच्यामुळे काहीतरी मोजता येण्याजोगं नुकसान होतं का, म्हणजे पैसे, वेळ किंवा संबंध? आणि ती सुटली आहे हे फोनच्या एकाच स्क्रीनवर दिसू शकतं का?

तिसऱ्या प्रश्नावर पुष्कळ चांगल्या सोयी मागे पडतात. डबे पोचवण्याचा मार्ग अ‍ॅपमुळे छोटा होत असेल, पण तो छोटा झाल्याचं पटवायला दोन नकाशे शेजारी ठेवून समजावून सांगावं लागेल. भाजी कळवणं छान आहे, पण भाजी आधी कळली नाही म्हणून कोणाचं फारसं अडत नाही. खाड्यांचा हिशोब मात्र तिन्ही प्रश्नांना उतरतो. ‘ताई, उद्या डबा नको’ हा निरोप डबा देणाऱ्या प्रत्येकीला रोज येतो. तो वहीत मांडायचा राहतो आणि महिनाअखेरीला गिऱ्हाईक सहा खाडे म्हणतं तेव्हा वहीत चार असतात. फरक 160 रुपयांचा. पैसे फार नाहीत, पण शब्दाला शब्द लागतो आणि कधी गिऱ्हाईक तुटतं.

निवड झाली की ती एका वाक्यात लिहून कागदाच्या माथ्यावर ठेवावी : ‘खाडे किती झाले यावर सुनंदाताई आणि गिऱ्हाईक यांचं एकमत होत नाही, डबावहीमुळे दोघांना एकच आकडा दिसतो.’ पुढची प्रत्येक ओळ या वाक्याला धरून आहे का, ते पाहायचं. नसेल तर ती कितीही चांगली असली तरी काढायची.

शेवटचा स्क्रीन सगळ्यात आधी

स्क्रिप्ट लिहायला बसलं की ‘नमस्कार, आजच्या धकाधकीच्या जीवनात...’ अशी सुरुवात सुचते. ती बाजूला ठेवून शेवटाकडून लिहायला घ्यावं. अडचण संपली हे सांगणारा स्क्रीन कोणता? आपल्या उदाहरणात तो महिन्याच्या बिलाचा आहे. वर निखिल हे गिऱ्हाइकाचं नाव, खाली सप्टेंबर महिना, खाडे 5, त्या पाचांच्या तारखा, डबे 21, दर 80, एकूण 1,680 रुपये. हेच बिल निखिलच्या फोनवरही दिसतं.

हा स्क्रीन हातात आला की सुरुवातीचं दृश्य आपोआप ठरतं. शेवटी जो आकडा स्पष्ट आहे तोच सुरुवातीला वादात असला पाहिजे, आणि माणसंही तीच दोन हवीत. पुष्कळ डेमो इथे घसरतात. सुरुवातीला दाखवतात की ताई दमल्या आहेत, कामाचा ढीग आहे, डोक्याला हात लावलेला आहे. शेवटी दाखवतात सुबक बिल. दमणं आणि बिल यांचा धागा पाहणाऱ्याने स्वतः जोडावा अशी अपेक्षा असते, आणि दीड मिनिटात तेवढी सवड कोणाला नसते. सुरुवातीला ‘खाडे चार की सहा?’ हा प्रश्न असेल आणि शेवटी ‘खाडे 5, या पाहा तारखा’ हे उत्तर असेल, तर धागा जोडावा लागत नाही.

आता एक बारकी अडचण येते. सुरुवातीच्या महिन्यातला वाद अ‍ॅप सोडवू शकत नाही, कारण तेव्हा नोंदच झालेली नव्हती. तो वाद अ‍ॅपने मिटवलेला दाखवला तर ते खोटं होईल आणि डबे देणाऱ्या बाईला ते लगेच कळेल. त्यामुळे कथेला दोन महिने लागतात : पहिल्यात वाद, दुसऱ्यात तोच निरोप पुन्हा येतो आणि या वेळी नोंद होते. एका महिन्यातून दुसऱ्यात जाण्याचा सांधा आवाजातल्या एका छोट्या वाक्याने साधतो.

स्क्रिप्ट कागदावर कशी दिसते

कागदाचे उभे दोन भाग करायचे. डावीकडे पडद्यावर काय दिसतं ते, उजवीकडे आवाज. वेळ सेकंदांत समासात. आपली स्क्रिप्ट अशी उतरते :

0 ते 12 सेकंद
पडद्यावर : स्वयंपाकघराचा ओटा, परातीत कणीक. शेजारच्या फोनवर निखिलचा निरोप झळकतो, ‘ताई, उद्या डबा नको.’ कणकेने भरलेला हात फोनकडे जातो आणि तसाच मागे येतो. भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेली वही.
आवाज : “रात्रीचे साडेनऊ. निखिलचा मेसेज येतो, उद्या डबा नको. सुनंदाताईंचे हात कणकेत आहेत. वहीत लिहायचं राहून जातं.”

12 ते 28 सेकंद
पडद्यावर : उघडी वही, ऑगस्टचं पान, निखिलच्या नावापुढे चार फुल्या. फोनवर निखिल : ‘ताई, माझे खाडे सहा ना?’ पेन फुल्यांवरून फिरतं, थांबतं.
आवाज : “महिनाअखेरीस निखिल विचारतो, ताई, माझे खाडे सहा ना? वहीत चारच आहेत. दोन डब्यांचे एकशे साठ रुपये. सहा खरे की चार, हे आता कोण सांगणार?”

28 ते 32 सेकंद
पडद्यावर : तोच ओटा, तोच फोन, तोच निरोप.
आवाज : “आता हाच मेसेज, पुढच्या महिन्यात.”

32 ते 50 सेकंद
पडद्यावर : डबावही उघडते. गिऱ्हाइकांची यादी. ‘निखिल’वर बोट. सप्टेंबरचं कॅलेंडर. 17 तारखेवर बोट, चौकोन केशरी होतो. मग निखिलचा फोन : ‘17 सप्टेंबर, बुधवार : खाडा नोंदवला.’
आवाज : “सुनंदाताई निखिलच्या नावावर खाडा मांडतात. त्याच क्षणी निखिललाही ते कळतं.”

50 ते 72 सेकंद
पडद्यावर : कॅलेंडरमधले पाच केशरी चौकोन. ‘बिल’वर बोट. बिलाचा स्क्रीन येतो आणि थांबतो.
आवाज : “तीस तारखेला बिल तयार. पाच खाडे, पाचही तारखा समोर.” त्यानंतर काही सेकंद शांतता.

72 ते 82 सेकंद
पडद्यावर : निखिलचा निरोप, ‘बरोबर आहे, ताई. पैसे पाठवतो.’ ताई वही खुंटीवरून काढून खणात ठेवतात.
आवाज : नाही.

82 ते 90 सेकंद
पडद्यावर : अ‍ॅपचं नाव आणि चिन्ह.
आवाज : “डबावही. खाड्यांचा हिशोब, दोघांना दिसणारा. आजच फोनवर घ्या.”

यात अ‍ॅप पहिल्यांदा दिसतं ते बत्तिसाव्या सेकंदाला. इतका उशीर पाहून अ‍ॅप बनवणारे अस्वस्थ होतात. पण पहिल्या अठ्ठावीस सेकंदांत पाहणारीच्या मनात ‘अगदी असंच होतं’ हे उमटलं असेल, तरच पुढच्या तीन टॅपना अर्थ येतो. याहून जास्त लांबवू नये. अडचण सांगण्यात तिसाव्या सेकंदाच्या पुढे गेलो, तर उत्तर दाखवताना घाई होते.

शब्द किती?

वरच्या स्क्रिप्टमधल्या आवाजाचे शब्द सत्तरच्या आसपास आहेत. धाप न लागता, ऐकणाऱ्याला पेलेल अशा मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द बोलले जातात. म्हणजे नव्वद सेकंद सलग बोललं तर 180 शब्द होतील. पण सलग बोलायचं नसतंच. पाहणाऱ्याचे डोळे फोनवर नवा स्क्रीन शोधत असतात, बटण कुठे आहे ते पाहत असतात, आकडा वाचत असतात. त्याच वेळी कानावर माहिती ओतली तर दोन्हीकडचं थोडं थोडं सांडतं. सत्तर ते एकशेवीस शब्द या मर्यादेत राहिलं की डोळ्यांना सवड मिळते.

शब्द मोजण्यापेक्षाही घड्याळ लावून मोठ्याने वाचणं जास्त भरवशाचं, कारण आकडे फसवतात. कागदावर ‘1,680’ हा एक शब्द दिसतो, पण ‘एक हजार सहाशे ऐंशी रुपये’ म्हणायला दोन-अडीच सेकंद जातात. तोच आकडा पडद्यावर असेल तर डोळा तो क्षणात टिपतो. म्हणून बिलाच्या दृश्यात आवाज रकमेचा उच्चार करत नाही. याउलट सुरुवातीचे ‘एकशे साठ रुपये’ मुद्दाम बोलले आहेत, कारण ते वहीत कुठेच लिहिलेले नाहीत आणि तेच नुकसान आहे. साधा नियम असा की पडद्यावर दिसतंय ते आवाजाने पुन्हा सांगू नये, आणि पडद्यावर दिसू शकत नाही तेच आवाजावर सोपवावं.

या नियमाची पायमल्ली सर्वांत जास्त होते ती टॅप दाखवताना. ‘आता इथे क्लिक करा, मग तारीख निवडा, मग सेव्ह करा’ असं बोललं की डेमोची शिकवणी होते. वापर कसा करायचा हे शिकवणारा व्हिडिओ वेगळा असतो आणि तो अ‍ॅप घेतलेल्यांसाठी असतो. डेमो पाहणाऱ्याने ते अजून घ्यायचं ठरवलेलं नसतं. त्याला बटणाचं नाव नको असतं, या बटणाने काय झालं ते हवं असतं.

आवाज आणि बोट यांचा क्रमही लिहितानाच ठरवावा. आवाज बोटाच्या किंचित आधी असावा. ‘खाडा मांडतात’ हे ऐकू येतं आणि लगोलग चौकोन केशरी होतो, तेव्हा पाहणाऱ्याची नजर योग्य जागी असते. आवाज मागून आला तर रंग बदललेला त्याच्या नजरेतून निसटलेला असतो.

काय गाळलं आणि का

याच अ‍ॅपमध्ये रोज सकाळी ‘आज 34 डबे’ असा आकडा दिसतो. स्वयंपाकाला लागण्याआधी तो कळणं फार मोलाचं आहे आणि तो खाड्यांच्या नोंदीतूनच निघतो. साहजिकच पन्नासाव्या सेकंदाला तो घालायचा मोह होतो. घालून पाहिला तर काय होतं? पाहणारी खाड्यांच्या वादाचं उत्तर मिळण्याची वाट पाहत असते आणि मध्येच तिला कणीक किती भिजवायची हा दुसरा प्रश्न सुटलेला दिसतो. तो आपल्याला पडला होता हेच तिला आठवत नाही. ही दुसरी अडचण आहे, म्हणून तिला स्वतःचा दुसरा व्हिडिओ द्यावा.

लॉगिन, ओटीपी, परवानग्या मागणाऱ्या चौकटी, चाळीस गिऱ्हाइकांची नावं भरण्याचं पहिल्या दिवसाचं काम, हेही गाळलं आहे. बत्तिसाव्या सेकंदाला अ‍ॅप उघडतं ते आधीच भरलेलं. यात फसवणूक नाही, कारण महिनाभर वापरणाऱ्या बाईचा फोन तसाच दिसतो. इथे सीमारेषा मात्र ओळखायला हवी. दोन सेकंदांची लोडिंगची चकती कापली तर चालते. पण बिल निघायला अर्धा मिनिट लागत असताना ते टॅपसरशी आलेलं दाखवलं, किंवा निखिलच्या फोनवर निरोप जाण्याची सोय अजून तयारच झालेली नसताना ती दाखवली, तर अ‍ॅप घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी ते कळेल आणि ते अ‍ॅप काढून टाकलं जाईल. स्क्रिप्टमधली प्रत्येक डाव्या बाजूची ओळ आजच्या अ‍ॅपमध्ये करून पाहावी. जी होत नाही ती खोडावी.

पडद्यावरची खोटी माहिती खरी वाटली पाहिजे

डेमोसाठी अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती हा स्क्रिप्टचाच भाग आहे आणि ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच लिहावी. प्रोग्रामरच्या फोनवर ‘टेस्ट 1’, ‘एबीसी’, 100 रुपये, 1,000 रुपये अशा नोंदी असतात. त्या दिसल्या की हे वापरातलं अ‍ॅप नाही हे कळतं. म्हणून यादीत खरीखुरी वाटणारी नावं आणि सरळसोट नसलेल्या रकमा हव्यात. खऱ्या गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर मात्र कधीच दाखवू नयेत. ती त्यांची खासगी माहिती आहे आणि व्हिडिओ एकदा पसरला की परत घेता येत नाही.

तारखा तर कॅलेंडर समोर ठेवूनच लिहाव्या. आपल्या उदाहरणात 2025 साल धरलं आहे. ऑगस्टमध्ये 31 दिवस आणि पाच रविवार, सप्टेंबरमध्ये 30 दिवस आणि चार रविवार, त्यामुळे दोन्ही महिन्यांत डब्याचे दिवस 26 भरतात. सव्वीसातून पाच खाडे गेले, उरले 21 डबे, दर 80, म्हणून 1,680. खाड्यांच्या तारखा 5, 6, 17, 26 आणि 27 सप्टेंबर. यातली एकही रविवारी येत नाही. सहा तारखेला अनंत चतुर्दशी होती, म्हणजे निखिल पाच-सहाला गणपती विसर्जनासाठी गावी गेला हेही पटतं. रोज खाडे मांडणाऱ्या बाईची नजर या आकड्यांवर सर्वांत आधी जाते. खाडा रविवारी पडलेला दिसला किंवा गुणाकार चुकला, तर हिशोब ठेवणाऱ्या अ‍ॅपवरचा तिचा विश्वास तिथेच उडतो.

फोनच्या वरच्या पट्टीचंही तेच. आवाज म्हणतो रात्रीचे साडेनऊ आणि पट्टीवर सकाळचे 11:20 असतील, बॅटरी तांबडी असेल, मध्येच कोणाचा तरी मेसेज खाली घसरत येत असेल, तर नजर तिकडे जाते. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डेमो मोड असतो. त्यात घड्याळ, बॅटरी आणि नेटवर्कची चिन्हं गोठवता येतात. तिथेच बोट टेकल्याची जागा ठिपक्याने दाखवण्याची सोयही आहे. ती चालू ठेवली तर टॅप कुठे झाला हे सांगावं लागत नाही.

आवाज बंद करून पाहा

स्क्रिप्ट तयार झाली की चित्रीकरणाआधी कच्चा व्हिडिओ करावा. फोनचा स्क्रीन रेकॉर्ड करायचा, स्वयंपाकघराच्या जागी साधी छायाचित्रं ठेवायची आणि आपणच वाचलेला आवाज जोडायचा. तासाभराचं काम आहे. मग तो अ‍ॅपशी संबंध नसलेल्या, शक्यतो डबे देणाऱ्याच एखाद्या बाईला आवाज बंद करून दाखवायचा. लोक बसमध्ये, ऑफिसमध्ये, घरात कोणी झोपलेलं असताना व्हिडिओ पाहतात, त्यामुळे पुष्कळदा तो मुकाच पाहिला जातो. ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारू नये, समोरचा माणूस संकोचाने ‘छान आहे’ म्हणतो. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारावेत : अडचण काय होती? ती कशाने सुटली?

‘खाड्यांवरून भांडण होतं, आता तारखा दिसतात’ असं उत्तर आलं तर स्क्रिप्ट उभी राहिली. ‘बिल बनवायचं अ‍ॅप आहे’ असं उत्तर आलं तर शेवट पोचला पण सुरुवात पोचली नाही. मग वहीतल्या चार फुल्या आणि निखिलचा ‘सहा ना?’ हा निरोप एकाच चौकटीत, जास्त वेळ आणि मोठ्या अक्षरांत दाखवावे लागतील. अडचण सांगता आली पण सुटका सांगता आली नाही, तर बिलाचा स्क्रीन पुरेसा वेळ थांबलेला नाही. वरच्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी शांतता ठेवली आहे ती याचसाठी. संकलन करताना हीच जागा ‘रिकामी’ वाटून सर्वांत आधी कापली जाते. तिला हात लावू नये.

हा व्हिडिओ कुठे दिसणार याचाही विचार लिहितानाच करावा. अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवर दाखवायचा व्हिडिओ 15 ते 30 सेकंदांचाच असावा लागतो आणि त्यात अ‍ॅपच्या पडद्याचं चित्रण अपेक्षित असतं, ओट्यावरच्या कणकेला तिथे जागा नाही. म्हणून आपल्या स्क्रिप्टचा 32 ते 72 सेकंदांचा तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील असा लिहिला आहे. थोडा आवळून आणि ‘खाडे चार की सहा?’ ही ओळ सुरुवातीला अक्षरांत टाकून त्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ होतो. पूर्ण नव्वद सेकंद आपल्या संकेतस्थळावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, प्रदर्शनातल्या स्टॉलवर किंवा गुंतवणूकदारापुढे चालतात.

या साच्यात न बसणारी अ‍ॅपही असतात. ज्यांचा फायदा सहा महिन्यांनी दिसतो, उदाहरणार्थ व्यायामाची सवय लावणारं किंवा बचत वाढवणारं अ‍ॅप, त्यांना शेवटचा स्क्रीन सापडत नाही. तिथे ओढूनताणून दीड मिनिटात सुटका दाखवण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सुटणारी एखादी लहान अडचण शोधणं बरं. अ‍ॅपची किंमत, माहितीची सुरक्षितता, किती भाषांत चालतं, या प्रश्नांची उत्तरंही डेमोत मावत नाहीत. ती लिहून शेजारी द्यावीत.

तुम्ही अ‍ॅप बनवत असाल आणि डेमो लिहायचा असेल, तर कॅमेरा, संगीत आणि निवेदकाचा आवाज यांच्या मागे लागण्याआधी एक वाक्य लिहा : अमक्याची अमकी अडचण आहे, आणि ती संपल्याचं अमक्या स्क्रीनवर दिसतं. वाक्यात ‘आणि शिवाय’ येत असेल तर अजून निवड झालेली नाही, ते खोडून पुन्हा लिहा. वाक्य पुरं करायला स्क्रीनच सापडत नसेल, तर स्क्रिप्ट बाजूला ठेवून अ‍ॅपवर आणखी काम करा.